कोणाचे मोल, कोणत्या भांड्यातले?

रसायनशास्त्राच्या जुन्या प्रश्नपत्रिका घरी बसून सोडवणाऱ्या विद्यार्थ्यापुढे एक अडचण नेहमीच उभी राहते. उत्तर आले तरी ते बरोबर आहे की नाही, हे सांगणारे शेजारी कोणी नसते. पुस्तकाच्या शेवटी उत्तर छापलेले असले, तर चूक झाली एवढे कळते. ती कोठे झाली, हे कळत नाही. अनुमापनाच्या आणि मोलच्या उदाहरणांत ही अडचण अधिकच जाणवते, कारण तेथील काही चुकीची उत्तरे दिसायला अगदी बरोबर उत्तरांसारखी असतात. पूर्णांकात येतात, सुबक दिसतात आणि संशयाला जागा ठेवत नाहीत.

वास्तविक या उदाहरणांतील आकडेमोड गुणाकार-भागाकारापलीकडे जात नाही. अवघड असते ते वाचन. प्रश्नातील प्रत्येक आकडा कोणत्या पदार्थाचा आहे आणि तो पदार्थ त्या क्षणी कोणत्या भांड्यात आहे, हे ज्याला वाचता आले त्याचे निम्मे उदाहरण तेथेच सुटते. हे कसे, ते पाहण्यासाठी या पाठात एकच उदाहरण घेतले आहे आणि ते सावकाश सोडवले आहे.

मोल म्हणजे मोजणी

मराठीत ‘मोल’ या शब्दाचा अर्थ किंमत असा होतो. रसायनशास्त्रातील मोलचा त्याच्याशी काही संबंध नाही. तो शब्द परभाषेतून आलेला असून तो एक मोजमापाचा शब्द आहे. डझन म्हणजे बारा, कोडी म्हणजे वीस, तसा एक मोल म्हणजे सुमारे ६.०२२ × १०²³ कण. २० मे २०१९ पासून ही संख्या ६.०२२१४०७६ × १०²³ अशी नेमकी ठरवून देण्यात आली आहे; परीक्षेतील उदाहरणांना ६.०२२ पुरेसे होते.

एवढी मोठी संख्या कोणी मोजत बसत नाही. ती तराजूने मोजतात. पदार्थाच्या सूत्रातील अणुभारांची बेरीज ग्रॅममध्ये घेतली, की तेवढ्या वजनात एक मोल कण असतात. पाण्याचे १८ ग्रॅम म्हणजे पाण्याचा एक मोल. सोडिअम कार्बोनेटचे सूत्र Na₂CO₃. त्यात सोडिअमचे दोनदा २३, कार्बनचे १२ आणि ऑक्सिजनचे तीनदा १६, म्हणजे एकूण १०६. म्हणून १०६ ग्रॅम सोडिअम कार्बोनेट म्हणजे त्याचा एक मोल.

बाजारात ‘दोन डझन द्या’ एवढेच म्हणून कोणी थांबत नाही. केळी की अंडी, हे सांगावेच लागते. मोलच्या बाबतीत मात्र विद्यार्थी ‘०.००४ मोल’ एवढेच लिहून पुढची ओळ सुरू करतात. बहुतेक चुकांचे मूळ या अपुऱ्या वाक्यात असते.

प्रश्न

जुन्या प्रश्नपत्रिकांत वारंवार आढळणाऱ्या धाटणीचा हा प्रश्न आहे.

*धुण्याच्या सोड्याचे ५.७२ ग्रॅम स्फटिक पाण्यात विरघळवून द्रावणाचे आकारमान २५० मिलिलिटर केले. या द्रावणापैकी प्रत्येक वेळी २५ मिलिलिटर घेऊन, मिथिल ऑरेंज हा दर्शक वापरून, ०.२ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाने अनुमापन केले. ब्युरेटवरील वाचने मिलिलिटरमध्ये पुढीलप्रमाणे आहेत. स्फटिकांचे सूत्र Na₂CO₃·xH₂O असे मानून x ची किंमत काढा. (Na = २३, C = १२, O = १६, H = १)*

| | पहिली वेळ | दुसरी वेळ | तिसरी वेळ |
|---|---|---|---|
| सुरुवातीचे वाचन | ०.० | २०.४ | ५.० |
| शेवटचे वाचन | २०.४ | ४०.४ | २५.० |

प्रथम सूत्रातील ठिपक्याविषयी. Na₂CO₃·xH₂O यातील ठिपका गुणाकाराचे चिन्ह नाही. सोडिअम कार्बोनेटच्या एका एककाबरोबर पाण्याचे x रेणू स्फटिकात बांधलेले आहेत, एवढेच तो सांगतो. या पाण्याला स्फटिकजल म्हणतात. म्हणून अशा स्फटिकांच्या एका मोलचे वजन १०६ + १८x ग्रॅम होते. x दहा असेल तर ते १०६ + १८० = २८६ होईल. येथे १०६ ला १८० ने गुणणारे विद्यार्थी थोडे नाहीत.

भांडी तीन, द्रावणे दोन

प्रश्न वाचल्यावर आकडे सूत्रात घालण्याची घाई करू नये. आधी प्रयोग डोळ्यांसमोर आणावा. त्यात तीन भांडी आहेत. पहिले म्हणजे अरुंद मानेवर एकच खूण असलेला २५० मिलिलिटरचा मापचंबू. तोललेले सगळेच्या सगळे ५.७२ ग्रॅम स्फटिक त्यात आहेत. दुसरे शंकुपात्र. त्यात पिपेटने मोजून घेतलेले २५ मिलिलिटर, म्हणजे मापचंबूतील द्रावणाचा फक्त दहावा भाग आहे. तिसरे ब्युरेट. त्यात आम्ल आहे, आणि त्यातील मोजून सांडलेले आम्ल शंकुपात्रात जाऊन पडते.

प्रयोगशाळेत पिपेट आणि ब्युरेट ज्या द्रावणाने भरायचे त्याच द्रावणाने आधी विसळतात. शंकुपात्र मात्र केवळ पाण्याने धुतात. तोंडी परीक्षेत याचे कारण विचारले जाते. ते याच विचारातून मिळते. पिपेटमध्ये पाणी राहिले तर द्रावण पातळ होईल आणि मोजलेल्या २५ मिलिलिटरमध्ये सोड्याचे मोल कमी येतील. शंकुपात्रात पाणी असले तर द्रावण पातळ होते खरे, परंतु पिपेटने आणून सोडलेल्या मोलची संख्या तेवढीच राहते. आम्लाची गाठ पडते ती त्या मोलशी. म्हणून ओल्या शंकुपात्राने उत्तर बदलत नाही. सोड्याच्या द्रावणाने विसळलेल्या शंकुपात्राने मात्र बदलते, कारण तेथे न मोजलेले जादा मोल शिल्लक राहतात.

उदाहरणाची उकल

पहिली पायरी वाचनांची. शेवटच्या वाचनातून सुरुवातीचे वाचन वजा केले, की तीन आकारमाने मिळतात: २०.४, २०.० आणि २०.०. दुसऱ्या वेळी आम्ल ४०.४ मिलिलिटर लागलेले नाही. ब्युरेट पुन्हा न भरता तेथूनच पुढे अनुमापन केले आहे. तिन्ही आकारमानांची सरासरी काढू नये. पहिल्या वेळी अंत्यबिंदू कोठे येईल याचा अंदाज नसतो, त्यामुळे आम्ल थोडे अधिक पडते. एकमेकांशी जुळणारी वाचने दोन आहेत, आणि तीच ग्राह्य धरावयाची. म्हणून आम्लाचे आकारमान २०.० मिलिलिटर. तिन्हींची सरासरी घेतली असती, तर २०.१३ आले असते आणि x ची किंमत ९.९ निघाली असती. येथे ती दहाच्या जवळच राहिली, हा केवळ योगायोग समजावा.

दुसरी पायरी आम्लाच्या मोलची. ०.२ मोलर म्हणजे एका लिटरमध्ये ०.२ मोल. आकारमान लिटरमध्ये हवे. २०.० मिलिलिटर म्हणजे ०.०२०० लिटर.

ब्युरेटमधून शंकुपात्रात पडलेल्या HCl चे मोल = ०.२ × ०.०२०० = ०.००४

ही ओळ अशीच, पूर्ण वाक्यासारखी लिहावी. मोल किती, कोणाचे आणि कोठले, हे तिन्ही त्यात आले पाहिजे.

तिसरी पायरी समीकरणाची. आतापर्यंत आम्लाविषयी माहिती मिळाली. प्रश्न मात्र सोड्याविषयी आहे. एका पदार्थाकडून दुसऱ्याकडे जाण्याचा पूल म्हणजे समतोल समीकरण.

Na₂CO₃ + 2HCl → 2NaCl + H₂O + CO₂

सोडिअमचे अणू दोन आहेत, त्यांना क्लोरीनचे दोन अणू हवेत, आणि HCl च्या एका रेणूत क्लोरीन एकच असतो. म्हणून सोडिअम कार्बोनेटच्या एका मोलला HCl चे दोन मोल लागतात. अर्थात सोड्याचे मोल आम्लाच्या मोलच्या निम्मे.

शंकुपात्रातील Na₂CO₃ चे मोल = ०.००४ ÷ २ = ०.००२

चौथी पायरी शंकुपात्रातून मापचंबूकडे परत जाण्याची. शंकुपात्रात दहावा भाग होता.

मापचंबूतील Na₂CO₃ चे मोल = ०.००२ × १० = ०.०२

पाचव्या पायरीवर वजन येते. तोललेल्या ५.७२ ग्रॅम स्फटिकांत Na₂CO₃ चे ०.०२ मोल आहेत. प्रत्येक मोल Na₂CO₃ सोबत स्फटिकाचाही एक मोल असतो. म्हणून स्फटिकांच्या एका मोलचे वजन = ५.७२ ÷ ०.०२ = २८६ ग्रॅम. त्यातून १०६ वजा केले की पाण्याचे १८० ग्रॅम उरतात, आणि १८० ÷ १८ = १०. x ची किंमत दहा.

हेच उत्तर दुसऱ्या वाटेनेही काढता येते. ०.०२ मोल Na₂CO₃ चे वजन ०.०२ × १०६ = २.१२ ग्रॅम. तोललेल्या ५.७२ ग्रॅममधून ते वजा केले की ३.६० ग्रॅम पाणी उरते, म्हणजे ३.६० ÷ १८ = ०.२० मोल. सोड्याच्या ०.०२ मोलसोबत पाण्याचे ०.२० मोल, म्हणजे एकास दहा. ही वाट थोडी लांब आहे, परंतु ‘पाणी किती’ हे तिच्यात स्पष्ट दिसत असल्यामुळे ज्यांचा गोंधळ होतो त्यांनी हीच धरावी.

स्वतःला पकडून देणाऱ्या चुका

या उकलीत कोठे पाय घसरू शकतो, हे आता पाहू. काही चुका अशा आहेत की त्या फार वेळ लपून राहत नाहीत.

मिलिलिटरचे लिटर करायचे राहिले, तर HCl चे मोल ०.२ × २० = ४ येतात आणि शंकुपात्रात Na₂CO₃ चे २ मोल असल्याचे दिसते. दोन मोल म्हणजे २१२ ग्रॅम. प्रश्नात तर सारे मिळून ५.७२ ग्रॅमच तोलले आहेत. तोललेल्या वजनापेक्षा अधिक पदार्थ द्रावणात असू शकत नाही, एवढा विचार केला तरी चूक सापडते.

चौथी पायरी विसरली, म्हणजे दहाने गुणायचे राहिले, तर स्फटिकांच्या मोलचे वजन ५.७२ ÷ ०.००२ = २८६० येते आणि x निघतो १५३. एका Na₂CO₃ भोवती पाण्याचे १५३ रेणू धरून ठेवणारा स्फटिक नाही. येथेही उत्तरच ओरडून सांगते.

समीकरणातील प्रमाण उलटे लावले, म्हणजे दोनने भागण्याऐवजी दोनने गुणले, तर मापचंबूतील मोल ०.०८ येतात, स्फटिकांच्या मोलचे वजन ७१.५ येते आणि त्यातून १०६ वजा केले की उत्तर ऋण होते. स्फटिकात पाणी शून्यापेक्षा कमी असू शकत नाही.

या तिन्ही चुका त्रासदायक असल्या तरी प्रामाणिक आहेत. खरी भीती आहे ती चौथीची.

जी चूक ओरडत नाही

समजा, विद्यार्थ्याने समीकरण लिहिलेच नाही आणि आम्लाचे मोल तितकेच सोड्याचे मोल असे धरले. शंकुपात्रात ०.००४, मापचंबूत ०.०४. मग स्फटिकांच्या मोलचे वजन ५.७२ ÷ ०.०४ = १४३. त्यातून १०६ वजा करून ३७, आणि ३७ ÷ १८ = २.०६. म्हणजे x सुमारे दोन.

हे उत्तर पूर्णांकाच्या जवळ आहे, धन आहे आणि दिसायला साधे आहे. पाण्याचे दोन रेणू असलेले स्फटिक विद्यार्थ्याने इतरत्र पाहिलेले असतात. ऑक्झॅलिक आम्लाच्या स्फटिकांचे सूत्र H₂C₂O₄·2H₂O असेच आहे. त्यामुळे २.०६ चे दोन करून तो समाधानाने पुढच्या प्रश्नाकडे वळतो.

ही चूक बहुधा M₁V₁ = M₂V₂ हे सूत्र पाठ केल्यामुळे होते. द्रावणात पाणी घालून ते पातळ केले, तर हे सूत्र बिनचूक लागू पडते, कारण तेथे दोन्ही बाजूंना एकाच पदार्थाचे मोल असतात. अनुमापनात दोन्ही बाजूंना वेगवेगळे पदार्थ असतात. एकास एक या प्रमाणात संयोग होत असेल, उदाहरणार्थ HCl आणि NaOH, तर सूत्र चालून जाते. आणि ते चालून गेल्यामुळेच विद्यार्थ्याचा त्यावर विश्वास बसतो. सोडिअम कार्बोनेटपाशी आल्यावर तो विश्वास दगा देतो.

फार जुन्या प्रश्नपत्रिका सोडवताना याच चुकीचे दुसरे रूप भेटते. त्या काळी द्रावणांची तीव्रता नॉर्मल या एककात देत असत, आणि N₁V₁ = N₂V₂ हे सूत्र सर्वत्र चालत असे. ते बरोबरच होते, कारण समीकरणातील ‘दोन’ हा आकडा आधीच सममूल्य भारात मुरवलेला असे. सोडिअम कार्बोनेटचा सममूल्य भार १०६ नसून त्याच्या निम्मा, ५३ आहे. या पद्धतीने ०.२ नॉर्मल आम्ल २०.० मिलिलिटर लागले, तर सोड्याच्या द्रावणाची तीव्रता ०.२ × २० ÷ २५ = ०.१६ नॉर्मल येते. एका लिटरमध्ये ०.१६ × ५३ = ८.४८ ग्रॅम, आणि पाव लिटरमध्ये २.१२ ग्रॅम. मोलच्या वाटेने आलेलेच उत्तर मिळाले. परंतु नॉर्मलचे सूत्र जुने आणि भार मात्र मोलचा, १०६, अशी सरमिसळ केली तर २.१२ च्या जागी ४.२४ ग्रॅम येतात आणि x पुन्हा दोनच्या घरात जाऊन बसतो. जुनी पद्धत वापरायची तर संपूर्ण वापरावी, नाहीतर मुळीच वापरू नये. प्रश्नात आम्ल गंधकाम्ल, म्हणजे H₂SO₄ असेल, तर ०.१ नॉर्मल म्हणजे ०.०५ मोलर हे आधी लिहून घ्यावे आणि मग मोलच्याच वाटेने जावे, हे अधिक सुरक्षित.

दर्शकाचे नाव वाया जात नाही

प्रश्नातील ‘मिथिल ऑरेंज’ हे शब्द अनेकजण वाचून सोडून देतात. आकडा नसलेला शब्द उकलीत कशाला लागणार, असे त्यांना वाटते. वास्तविक वर लिहिलेले समीकरण निवडण्याचा अधिकार याच शब्दाने दिला आहे.

सोडिअम कार्बोनेट आणि आम्ल यांचा संयोग दोन टप्प्यांत होतो. पहिल्या टप्प्यात एका मोल आम्लाने सोडिअम बायकार्बोनेट तयार होते:

Na₂CO₃ + HCl → NaHCO₃ + NaCl

दुसऱ्या टप्प्यात आणखी एक मोल आम्ल लागते आणि बायकार्बोनेटपासून पाणी व कार्बन डायऑक्साइड तयार होतात. फिनॉल्फ्थॅलिनचा गुलाबी रंग पहिला टप्पा संपताच नाहीसा होतो. मिथिल ऑरेंजचा पिवळा रंग मात्र दुसरा टप्पा पूर्ण होईपर्यंत टिकतो आणि त्यानंतर नारिंगी-तांबूस होतो. म्हणजे वरील प्रयोग फिनॉल्फ्थॅलिन घेऊन केला असता, तर अंत्यबिंदू १०.० मिलिलिटरलाच आला असता, आणि तेथे एकास एक हेच प्रमाण योग्य ठरले असते. प्रश्नात दर्शक बदलला की समीकरण बदलते. काही प्रश्नांत दोन्ही दर्शकांची वाचने दिलेली असतात. तेथे कोणते वाचन कोणत्या समीकरणाचे, हे आधी ठरवल्याशिवाय लेखणी उचलू नये.

दशांश स्थळे कापण्याची घाई

आता याच प्रश्नात एकच आकडा बदलून पाहावा. स्फटिक तेवढेच, ५.७२ ग्रॅम, आम्ल तेच, परंतु जुळणारे वाचन २०.० ऐवजी २३.२ मिलिलिटर. HCl चे मोल ०.२ × ०.०२३२ = ०.००४६४. शंकुपात्रात Na₂CO₃ चे मोल ०.००२३२, मापचंबूत ०.०२३२. स्फटिकांच्या मोलचे सरासरी वजन ५.७२ ÷ ०.०२३२ = २४६.६. यातून १०६ वजा करून १८ ने भागले की x = ७.८.

परंतु ज्याला दोन दशांश स्थळांपर्यंतच आकडे ठेवण्याची सवय आहे, तो ०.०२३२ चे ०.०२ करतो. मग ५.७२ ÷ ०.०२ = २८६, आणि x बरोबर दहा! पुस्तकात धुण्याच्या सोड्याचे सूत्र Na₂CO₃·10H₂O असे वाचलेले असल्यामुळे त्याला आपले उत्तर सिद्ध झाल्यासारखेच वाटते. एका चुकीने प्रयोगाची सारी माहिती पुसली गेली आणि उरले ते पुस्तकातून आधीच ठाऊक असलेले उत्तर.

०.०२३२ या संख्येतील अर्थपूर्ण अंक २, ३ आणि २ असे तीन आहेत. पुढचे शून्य केवळ स्थान दाखवतात. ब्युरेट २३.२ असे तीन अंक देते, म्हणून शेवटच्या पायरीपर्यंत किमान तीन अर्थपूर्ण अंक जपावेत, शक्य तर चार. दशांश चिन्हानंतरची स्थळे मोजून कापाकापी करू नये.

पण ७.८ हे उत्तर तरी कसे मानावे? पाण्याचे ७.८ रेणू कोणत्याही स्फटिकात नसतात. येथे मात्र आकड्याची चूक नसून स्फटिकांचीच गोष्ट आहे. धुण्याच्या सोड्याचे पारदर्शक स्फटिक उघड्या, कोरड्या हवेत राहिले की त्यांतील पाणी हळूहळू उडून जाते आणि वर पांढरी भुकटी धरते. ही भुकटी बहुतांशी Na₂CO₃·H₂O ची असते. बाटलीत काही भाग दहा पाण्याचा, काही एका पाण्याचा असे मिश्रण झाले, की सरासरी सात-आठ येते. आम्ल अधिक लागले याचेही कारण हेच. पाणी गेल्यामुळे तेवढ्याच वजनात सोडा अधिक बसला. ‘काही दिवस उघड्या राहिलेल्या बाटलीतील स्फटिक’ असे शब्द प्रश्नात असतील, तर अपूर्णांकी उत्तर येणे स्वाभाविक समजावे आणि त्याला ओढून दहापर्यंत नेऊ नये. प्रयोगशाळेत अचूक तीव्रतेचे द्रावण करायचे असते तेव्हा हे स्फटिक घेत नाहीत, ते याचमुळे. तेथे अनार्द्र सोडिअम कार्बोनेट सुमारे २७० अंश सेल्सिअसला तापवून, कोरड्या बरणीत थंड करून वापरतात.

साध्या वाचनातील चुकीने x किती हलतो, याचाही अंदाज असावा. पहिल्या उदाहरणात २०.० ऐवजी २०.१ वाचले, तर x ९.९२ येतो, १९.९ वाचले, तर १०.०८. म्हणजे ब्युरेटच्या एका बारीक रेघेने x सुमारे ०.०८ ने बदलतो. ७.८ आणि १० यांतील अंतर अशा वाचनाच्या चुकीने भरून निघणारे नाही.

उलट वाटेने तपासणी

एकट्याने अभ्यास करणाऱ्याला उत्तर तपासण्याचा एक मार्ग आहे. उत्तर हाती धरून प्रश्नाच्या सुरुवातीकडे चालत जावे आणि ब्युरेटचे वाचन मिळते का, ते पाहावे. x = २ हे उत्तर तपासू. त्या स्फटिकांच्या मोलचे वजन १४२. ५.७२ ग्रॅममध्ये ०.०४०३ मोल. शंकुपात्रात त्याचा दहावा भाग, ०.००४०३. त्याला दुप्पट आम्ल लागते, ०.००८०६ मोल. ०.२ मोलर आम्लाचे आकारमान ०.००८०६ ÷ ०.२ = ०.०४०३ लिटर, म्हणजे ४०.३ मिलिलिटर. प्रश्नात तर २०.० आहे. उत्तर चुकले.

या तपासणीला एक मर्यादा आहे आणि ती ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. परत जातानाही विद्यार्थ्याने एकास एक हेच प्रमाण धरले, तर त्याला २०.१ मिलिलिटर मिळेल आणि चुकीचे उत्तर खरे ठरेल. ज्या वाटेवर पूल चुकीचा बांधला, त्याच पुलावरून परत आल्यास चूक दिसत नाही. म्हणून उलट तपासणी करताना जुने समीकरण उतरवून न घेता कोऱ्या कागदावर ते नव्याने लिहावे, दोन्ही बाजूंचे अणू मोजावेत, दर्शकाचे नाव पुन्हा वाचावे, आणि मगच आकडे घालावेत. आकडेमोडीची चूक आकड्यांनी सापडते. समीकरणाची चूक केवळ समीकरणानेच सापडते.

पाठगत प्रश्न

ऑक्झॅलिक आम्लाचे (H₂C₂O₄·2H₂O) १.५७५ ग्रॅम स्फटिक पाण्यात विरघळवून द्रावणाचे आकारमान २५० मिलिलिटर केले. त्यातील २० मिलिलिटर द्रावणाच्या पूर्ण उदासिनीकरणास, फिनॉल्फ्थॅलिन दर्शक वापरून, सोडिअम हायड्रॉक्साइडचे २५.० मिलिलिटर द्रावण लागले. सोडिअम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाची मोलरता काढा. समीकरण: H₂C₂O₄ + 2NaOH → Na₂C₂O₄ + 2H₂O

हा प्रश्न तीन विद्यार्थ्यांनी सोडवला. पहिल्याचे उत्तर ०.०४ मोलर, दुसऱ्याचे ०.११२ मोलर, तिसऱ्याचे ०.०२ मोलर आले. तिघांचीही उत्तरे चुकली आहेत. प्रत्येकाची चूक कोणत्या पायरीवर झाली, ते शोधा.

*उत्तर:* स्फटिकांच्या मोलचे वजन ९० + ३६ = १२६; मापचंबूतील आम्लाचे मोल १.५७५ ÷ १२६ = ०.०१२५, २० मिलिलिटरमधील मोल ०.०१२५ × २० ÷ २५० = ०.००१, NaOH चे मोल त्याच्या दुप्पट, ०.००२, मोलरता ०.००२ ÷ ०.०२५ = ०.०८. पहिल्या विद्यार्थ्याने एकास एक प्रमाण धरले. दुसऱ्याने स्फटिकजल सोडून देऊन १२६ च्या जागी ९० घेतले. तिसऱ्याने दुप्पट करण्याऐवजी निम्मे केले.